चार हजार विटांचं पत्र

वीटभट्टीवाल्याला आजकाल पत्र कोण लिहितं? फोन लावायचा, "अण्णा, चार हजार वीट पाठवा" म्हणायचं, आणि ट्रॉलीची वाट बघायची. घराच्या कंपाउंडला एवढं पुरतं. मळ्यातल्या गोठ्याला पुरत नाही, कारण गोठ्याच्या विटेत दोन गोष्टी अडतात आणि दोन्ही फोनवर निसटतात. एक म्हणजे कोणती वीट. गोठ्याची वीट घराच्या विटेपेक्षा कितीतरी वाईट दिवस काढते. दुसरी म्हणजे कधी. मळ्याच्या वाटेनं भरलेली ट्रॉली वर्षातले थोडेच दिवस जाऊ शकते.

म्हणून हे पत्र. लिहिणारा शेतकरी कल्पनेतला आहे. मापं, हिशेब आणि अडचणी मात्र खऱ्या. तो कराड तालुक्यातला, कोयनेच्या काठाजवळ ऊस करणारा. चार म्हशी, दोन गाई. भट्टी नदीकडेला, वस्तीपासून दोन-तीन कोसांवर. पत्र असं:

दि. १२ जानेवारी

श्री. भट्टीवाले अण्णा यांस,

स. न. वि. वि.

मळ्यातल्या वस्तीवर सहा जनावरांचा गोठा बांधायचा आहे. आतलं माप लांबी २६ फूट, रुंदी १२ फूट. पाया आणि जोतं डबराचं होईल, वीट जोत्याच्या वर लागेल. गवंड्याबरोबर बसून हिशेब केला तो असा : तीन बाजूंच्या चार फूट उंच भिंतींना १,७१०, गव्हाणीला ९३६, मूत्राच्या टाक्याला २१६, पाण्याच्या हौदाला १५८ आणि जनावरं उभी राहतात त्या तळाला ७०२. एकूण ३,७२२. तूटफूट धरून ४,००० विटा द्याव्यात.

वीट ९ × ४ × ३ इंची हवी. दहा विटा लांबीनं ओळीत लावल्यावर साडेसात फूट भराव्यात. इंचभर कमी-जास्त चालेल, त्याहून कमी चालणार नाही.

चार हजारांपैकी १,९०० विटा भिंतींसाठी, नेहमीच्या पक्क्या लाल. उरलेल्या २,१०० गव्हाण, टाकं, हौद आणि तळासाठी भट्टीच्या पोटातल्या, कडक भाजलेल्या निवडून द्याव्यात. रंगानं काळपट असल्या तरी चालतील, वाकड्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नकोत. पिवळी वीट एकही नको.

माल दोन टप्प्यांत हवा. माझा ऊस फेब्रुवारीअखेर तुटेल, त्याआधी वाट मोकळी नाही. भिंतीच्या १,९०० विटा १० ते १५ मार्च आणि निवडक २,१०० विटा १ ते ५ एप्रिल या दिवसांत पोचाव्यात. एका ट्रॉलीत हजार-अकराशेच्या वर भरू नये, वाट मऊ आहे. ट्रॉली पश्चिमेच्या बांधानं आणावी, खोडव्यात घालू नये. आदल्या दिवशी फोन करावा.

माल उलटवून टाकू नये. तुमच्या माणसांनी हातानं उतरवून दोनशे-दोनशेच्या थप्प्या लावाव्यात. सबंध विटाच मोजू, अद्धे वेगळे ठेवावेत.

भाव आपल्यात ठरल्याप्रमाणे जागेवर पोच हजारी ८,००० रुपये. इसार ८,००० आज पाठवत आहे. पहिला माल मोजून घेतल्यावर १५,२०० आणि दुसरा मोजून घेतल्यावर उरलेले ८,८०० देईन. पावती दोन्ही वेळा द्यावी.

वळीव झाला आणि वाट ओली झाली, तर सुकेपर्यंत थांबू. पण २० एप्रिलच्या पुढे माल गेला, तर तो घेण्याचं बंधन माझ्यावर राहणार नाही आणि त्याचा इसार परत मिळावा.

कळावे, आपला.

पत्र एवढंच. आता त्यातली एकेक ओळ कशासाठी आहे ते बघू.

२६ बाय १२ हे माप हवेतून आलेलं नाही. राज्य सरकारनं २०२१ साली शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आणली. तिच्यात रोजगार हमीतून दोन ते सहा जनावरांच्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपयांचा अंदाज धरला होता. त्या नकाशात सहा गुरांना ७.७ मीटर लांब आणि ३.५ मीटर रुंद जागा, २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं आणि पिण्याच्या पाण्याची २०० लिटरची टाकी असं दिलेलं आहे. फुटांत ते साधारण सव्वापंचवीस बाय साडेअकरा होतं. आपल्या शेतकऱ्यानं त्यात थोडं वाढवून सरळ आकडे धरले. जनावरं एका ओळीत, प्रत्येकाला सव्वाचार फुटांच्या आसपास रुंदी. गव्हाण पूर्वेच्या मोकळ्या बाजूला, म्हणजे वैरण बाहेरूनच टाकता येते.

भिंती फक्त तीन बाजूंना आणि त्याही चार फुटांच्याच, हे वाचून काहींना वाटेल की माणूस पैसे वाचवतोय. तसं नाही. पत्रे लोखंडी खांबांवर आहेत, भिंतीवर भार नाही. भिंतीचं काम एवढंच, की बसलेल्या जनावराला पावसाची झड आणि थंडीचा वारा थेट लागू नये. त्यावरची जागा मोकळीच हवी, नाहीतर मूत्राचा उग्र वास आत कोंडतो आणि उन्हाळ्यात म्हशी धापा टाकतात. पावसाळ्यात वरच्या भागाला बारदानाचे पडदे सोडले की झालं. छतापर्यंत बांधलेल्या भिंती हा आपल्याकडच्या नव्या गोठ्यांतला सगळ्यात महागडा आणि जनावरांना सगळ्यात नकोसा खर्च आहे, असं माझं मत.

विटांची संख्या काढायला गवंडी जी रीत वापरतात ती सोपी आहे. नऊ इंच लांब आणि तीन इंच उंच विटेला सिमेंट-वाळूच्या मालाचा दर्जा धरला, की दर्शनी बाजू सुमारे ९.४ बाय ३.४ इंच भरते. म्हणजे जवळजवळ ३२ चौरस इंच. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच. भाग दिला की चार इंची भिंतीला चौरस फुटामागे साडेचार विटा येतात आणि नऊ इंची भिंतीला त्याच्या दुप्पट, म्हणजे नऊ. हा 'साडेचार आणि नऊ'चा हिशेब एकदा डोक्यात बसला की बाकी सगळं लांबी गुणिले उंची.

पश्चिमेची भिंत बाहेरून साडेसत्तावीस फूट, कारण दोन्ही टोकांच्या नऊ-नऊ इंची भिंतींची जाडी तिच्यात धरावी लागते. उंची चार, म्हणून ११० चौरस फूट. दोन आडव्या भिंती बारा-बारा फुटांच्या, मिळून ९६. त्यातून एका बाजूचं चार फुटी दार वजा केलं की राहिले ८०. एकूण १९० चौरस फूट, गुणिले नऊ, म्हणजे १,७१०. गव्हाणीची बाहेरची भिंत अडीच फूट उंच, तिला ५८५ विटा. जनावराच्या बाजूची दीड फूट, तिला ३५१. दोन्ही नऊ इंचीच, कारण भुकेली म्हैस गव्हाणीवर छाती टेकून रेटते आणि चार इंची भिंत पहिल्याच वर्षी डुलायला लागते. टाकं आतून अडीच बाय दोन आणि दोन फूट खोल घेतलं की सुमारे २८० लिटर मावतं. हौद चार बाय दीड आणि सव्वा फूट खोल, त्यात २१० लिटर. जनावरांच्या पायाखालचा तळ २६ बाय ६ फुटांचा. तिथं विटा आडव्या न निजवता कडेवर उभ्या लावायच्या, मग चौरस फुटाला पुन्हा त्याच साडेचार. कडेवरच्या विटांच्या सांध्यांत खूर अडतो, गुळगुळीत सिमेंटवर तो घसरतो. गाभण म्हैस घसरून पडली की काय होतं हे ज्यानं पाहिलंय, त्याला हे सांगावं लागत नाही.

३,७२२ वर पाच टक्के तूटफूट धरली की आकडा ३,९०० च्या जरा पुढे जातो. म्हणून चार हजार. हौसेनं पाच हजार मागवल्या असत्या, तर आठ हजार रुपये वस्तीच्या कोपऱ्यात गवतात पडून राहिले असते. कमी मागवल्या, तर मे महिन्यात पाच-सातशे विटांसाठी भट्टीवाल्याच्या हातापाया पडावं लागतं आणि तेव्हा मिळते ती दुसऱ्याच भट्टीची, दुसऱ्याच मापाची वीट.

मापाची ती एक ओळ पत्रातली सगळ्यात किमती ओळ आहे. विटेचा भाव हजारावर ठरतो, घनफुटावर नाही. त्यामुळे भट्टीवाल्यानं साचा जरासा लहान केला, की भाव न वाढवता भाववाढ होते. नऊ बाय चार बाय तीन म्हणून विकलेली वीट साडेआठ बाय पावणेचार बाय पावणेतीन भरते, हे प्रकार नवे नाहीत. हातात घेतल्यावर फरक कळतही नाही. पण वरचीच रीत लावा : दर्शनी बाजू २८ चौरस इंचांवर येते आणि चौरस फुटाला साडेचारऐवजी पाचाच्या वर विटा लागतात. म्हणजे चौदा टक्के वाढ. आपल्या गोठ्यात सव्वापाचशेच्या आसपास विटा जादा, चार हजार रुपयांहून जास्त खर्च, शिवाय सांधे वाढल्यामुळे सिमेंट जादा ते वेगळंच. एका विटेला टेप लावून हे भांडण मिटत नाही, कारण भट्टीची वीट थोडी लहानमोठी असतेच. दहा ओळीत लावून मोजली की भट्टीवालाही हुज्जत घालत नाही. सरासरी त्याच्याही डोळ्यांसमोर असते.

आता 'भट्टीच्या पोटातली' वीट. आपल्याकडच्या बहुतेक गावभट्ट्या पक्क्या भिंतींच्या नसतात. कच्च्या विटाच एकमेकींवर रचून, मध्ये कोळसा आणि भुसा भरून, बाहेरून मातीनं लिंपून भट्टी लावतात. पेटवली की आग पोटात धुमसत राहते. मधल्या विटांना पुरेशी आच लागते, त्या कडक आणि गडद लाल होतात. जळणाला अगदी खेटून असलेल्या कधीकधी जास्तच भाजतात, काळ्या पडतात, वितळून वाकतात. आणि सगळ्यात बाहेरच्या थराची आच वाऱ्यावर जाते. ती वीट पिवळट राहते, नखानं खरवडली तर भुकटी निघते. भट्टी फुटल्यावर या तिन्ही जाती एकाच ढिगात येतात. न सांगता माल मागवला, तर ट्रॉलीत तिन्ही भरल्या जातात आणि यात कोणाची लबाडी असतेच असं नाही. भरणारा मजूर ढिगाच्या जवळच्या टोकापासून भरत येतो.

घराच्या भिंतीत चार पिवळ्या विटा गेल्या तर गिलाव्याखाली झाकून जातात. गोठ्यात त्या झाकत नाहीत. जनावराच्या मूत्रात युरिया असतो, त्याचा अमोनिया होतो आणि मातीतले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्रेट करतात. हे क्षार पाण्यात विरघळून विटेच्या बारीक छिद्रांतून भिंतीत चढतात. वर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो आणि त्याचे खडे छिद्राच्या आत वाढू लागतात. पावसाळ्यात विरघळायचे, उन्हाळ्यात पुन्हा वाढायचे, असं दोन-चार वर्षं चाललं की विटेचे पापुद्रे सुटतात. आपण म्हणतो भिंतीला खार फुटला. जुन्या गोठ्याच्या भिंतीच्या खालच्या दीड-दोन फुटांत पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसते, हात फिरवला की झडते, आणि तिच्यामागची वीट खवल्यांसारखी निघून येते, ती हीच. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा गोठ्या-तबेल्यांच्या मातीतूनच काढत, इतका तो तिथं साचतो.

वीट जितकी कच्ची, तितकी छिद्रं जास्त, तितकं पाणी जास्त, तितका खार लवकर. म्हणून आपल्या शेतकऱ्यानं विटा दोन जातींत वाटल्या. जिथं रोज मूत्र आणि पाणी लागतं तिथं कडक, आणि भिंतींना नेहमीच्या. भिंतींना डबराच्या जोत्याचा आधार आहे, तिथं ओल कमी चढते. काळपट वीट घराच्या दर्शनी कामाला कोणी घेत नाही, पण तळाला आणि टाक्याला तिच्यासारखी वीट नाही. फक्त तिचा आकार सरळ हवा.

वीट कडक आहे की नाही हे कसं ओळखायचं? दोन विटा एकमेकींवर आपटल्या की धातूसारखा खणखणीत आवाज यावा, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि बव्हंशी ते बरोबरही आहे. पण गोठ्यासाठी आवाजावर थांबू नये. पाण्याची परीक्षा घ्यावी. चांगली सुकलेली वीट किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून चोवीस तास बादलीत बुडवून ठेवायची, बाहेर काढून पुसायची आणि पुन्हा तोलायची. भारतीय मानकानुसार नेहमीच्या विटेनं आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे तीन किलोची वीट भिजल्यावर तीन किलो सहाशेच्या आत हवी. आपण तळासाठी घेतलेली कडक वीट याहून बरीच कमी प्यायला हवी. ती जर साडेतीनशे-चारशे ग्रॅमवर थांबली, तर समाधान मानावं.

दुसरी परीक्षा खाराची. ताटात इंचभर पाणी घालायचं, वीट त्यात उभी ठेवायची आणि पाणी सावलीत आपोआप आटू द्यायचं. आटलं की एकदा पुन्हा भरायचं. दुसऱ्यांदा आटल्यावर विटेच्या वरच्या अंगाला पांढरे डाग उमटले, तर मातीतच क्षार आहेत, गोठा बांधण्याआधीच. अशी वीट गोठ्याला नको. हीच वीट भिजवल्यावर दोन-तीन दिवस बाजूला ठेवली तर आणखी एक खोड उघडी पडते. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजताना त्यांचा चुना होतो आणि पाणी लागलं की तो फुगून विटेचा टवका उडवतो, खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. नदीच्या पोयट्याची वीट असेल तर हे सहसा होत नाही. शेतातली काळी माती मिसळलेली असेल तर होतं. या परीक्षांना आठवडाभर लागतो. म्हणूनच नमुन्याच्या पाच-सहा विटा जानेवारीतच पिशवीत घालून आणायच्या, ट्रॉली दारात आल्यावर नव्हे.

वेळेकडे येऊ. भट्टीचा हंगाम पावसाळा संपून माती वाळली की सुरू होतो. दिवाळीच्या पुढे-मागे थापणी लागते. थापलेली वीट उन्हात आठ-पंधरा दिवस सुकते, मग भट्टी रचायची, पेटवायची आणि निवू द्यायची. यात पंधरवडा-महिना सहज जातो. त्यामुळे पहिला माल नव्या वर्षाच्या सुरुवातीला निघतो आणि मे संपता-संपता सगळं आवरतं. याच सुरुवातीच्या महिन्यांत भट्टीवाल्याला पैशांची सगळ्यात ओढ असते. मजुरांना उचल दिलेली असते, कोळसा घेतलेला असतो, आणि विकायला अजून काही नसतं. जानेवारीतल्या आठ हजारांच्या इसाराला म्हणून किंमत आहे. तेव्हा भाव ठरवून घेतला तर तो बऱ्याचदा मे महिन्यातल्या भावाहून बरा पडतो, आणि निवडून द्या म्हटलं तर तो ऐकूनही घेतो.

मग माल जानेवारीतच का नको? कारण वाट नाही. कराडकडे ऊसतोड दिवाळीच्या आसपास सुरू होते ती मार्च-एप्रिलपर्यंत चालते. तोपर्यंत वस्तीला जाणारी वाट दोन्हीकडच्या उसानं चेपलेली असते आणि तालुक्यातल्या ट्रॉल्या कारखान्याच्या रांगेत उभ्या असतात. भट्टीवाल्याला ट्रॉली मिळाली तरी ती वस्तीपर्यंत जात नाही, मग विटा रस्त्याच्या कडेला उतरतात. तिथून मळ्यात डोक्यावर वाहायच्या म्हणजे मजुरी दुप्पट, आणि रस्त्याकडेच्या विटा रोज थोड्या कमी होतात ते वेगळं. चुलीला तीन विटा सगळ्यांनाच लागतात.

ऊस तुटला की वाट मोकळी होते, पण नवी अडचण उगवते. तुटलेल्या बुडख्यांतून खोडवा फुटत असतो. चार टन वजनाची ट्रॉली त्यातून गेली की चाकोरीतली माती दगडासारखी होते आणि तेवढ्या पट्ट्यातला ऊस वर्षभर खुरटा राहतो. 'पश्चिमेच्या बांधानं आणावी' ही ओळ चालकासाठी आहे, भट्टीवाल्यासाठी नाही. तरी ती पत्रातच हवी, कारण चालक दर वेळी नवा असतो. हजार विटा म्हणजे तीन टन, वर ट्रॉलीचं आपलं वजन. यापेक्षा जास्त भरलेली ट्रॉली मऊ वाटेत रुतते, आणि रुतली की मग कोणी बांधाचा विचार करत नाही.

खिडकी अशी अरुंद आहे : मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून वळवापर्यंत. एप्रिल-मे मधला एक जोरदार वळीव काळ्या मातीच्या वाटेला दोन-चार दिवस बंद करतो. तोच पाऊस भट्टीवर सुकत घातलेल्या कच्च्या विटांचा चिखल करतो, म्हणजे दिलेला शब्द पाळणं भट्टीवाल्याच्याही हातात राहत नाही. म्हणून वीस एप्रिलची अट. उलटीकडून मोजलं तर ती कुठून आली ते दिसतं. मृग साधारण ७-८ जूनला लागतो. त्याआधी पत्रे चढलेले हवेत, म्हणजे मेच्या मध्यापर्यंत लोखंडी काम. बांधकामाला आठ-दहा दिवस तरी रोज पाणी मारायचं. गवंड्याला गव्हाण, टाकं आणि तळ करायला दोन आठवडे. हे सगळं मागे सरकवत गेलं की वीस एप्रिलवर येऊन थांबतं. त्यानंतर आलेली वीट या पावसाळ्याच्या गोठ्याची नसते.

दोन टप्पे करण्यामागे आणखी एक साधा हिशेब आहे. पहिल्या मालातली वीट कशी निघाली, हे दुसऱ्या मालाचे पैसे देण्याआधी कळतं.

मोजणीची ओळ वाचायला कटकटीची वाटते, पण भांडणं तिथंच होतात. ट्रॉली उलटवून टाकलेल्या ढिगातल्या विटा कोणी मोजू शकत नाही आणि उलटवताना फुटतात त्या वेगळ्याच. थप्पी लावली की प्रश्न मिटतो. एका थरात वीस विटा, असे दहा थर, म्हणजे दोनशे. उंची अडीच फुटांच्या आसपास येते. पहिल्या खेपांत साडेनऊ थप्प्या, दुसऱ्या खेपांत साडेदहा. लांबून बोट दाखवत मोजता येतात. अद्धे टाकून द्यायचे नाहीत, भिंतीच्या टोकाला गवंड्याला अद्धा लागतोच. पण हजाराच्या भावात ते धरायचे नाहीत, एवढंच. आणि पावती, कारण योजनेतून पैसे मागायचे असतील तर कागद लागतो, आणि मागायचे नसले तरी लागतो.

अशा पत्राला भट्टीवाला काय म्हणेल? बहुतेक सगळं मान्य करेल आणि एका जागी अडेल. निवडून द्यायच्या विटांना वेगळी माणसं लावावी लागतात आणि चांगला माल काढून घेतल्यावर ढिगात राहतो तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला रुचत नाही. त्यामुळे निवडक मालाला हजारी पाचशे जादा, असं तो सांगेल, आणि ते वाजवी आहे. २,१०० विटांवर तो फरक १,०५० रुपये होतो. इथं शेतकऱ्यानं पुन्हा हिशेबाच्या कागदाकडे वळावं. गव्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला मूत्र लागत नाही, तिथं नेहमीची पक्की वीट चालते. तिच्या ५८५ आणि त्यावरची तूटफूट मिळून साधारण सहाशे विटा निवडक मालातून पहिल्या मालात टाकल्या, की २,५०० साध्या आणि १,५०० निवडक असे सरळ आकडे होतात. साध्यांचे २०,०००, निवडकांचे १२,७५०. एकूण ३२,७५०. ठरल्या भावापेक्षा साडेसातशे जास्त. त्याचं उत्तर पत्राच्या पाठीवर लिहून दोघांनी सही केली आणि त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये राहिला, की मार्चपर्यंत भट्टीकडे जायचं काम नाही. तोवर ऊस तोडायचा आणि डबर आणून पाया भरून घ्यायचा.